अ‍ॅप चांगलं आहे, पण तिथे कोणीच नाही

सप्टेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात चेन्नईच्या झोहो कंपनीच्या 'अरट्टाई' या अ‍ॅपचं नाव अचानक सगळीकडे ऐकू यायला लागलं. अरट्टाई म्हणजे तमिळमध्ये गप्पाटप्पा. अ‍ॅप तसं २०२१ पासूनचं, पण केंद्रीय मंत्र्यांनी स्वदेशी अ‍ॅप वापरा म्हटलं आणि लोंढा सुरू झाला. रोज तीन हजार माणसं नोंदणी करायची, ती तीन दिवसांत साडेतीन लाखांवर गेली, असं कंपनीचे सहसंस्थापक श्रीधर वेंबू यांनीच जाहीर केलं. डाउनलोडच्या यादीत अ‍ॅप पहिल्या नंबरावर पोचलं. पुढच्या काही आठवड्यांत ते त्याच यादीत बरंच खाली सरकलं आणि लोक पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर 'सुप्रभात' टाकत बसले.

या सगळ्यावर दोन प्रकारची मतं ऐकू आली. एक, आपल्या लोकांना स्वदेशीचं प्रेम फक्त तोंडापुरतं असतं. दोन, अ‍ॅपमध्येच काहीतरी कमी असणार. मला दोन्ही मतं चुकीची वाटतात. अ‍ॅप व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा दुप्पट चांगलं असतं आणि लोक दुप्पट देशप्रेमी असते, तरी बहुधा हेच झालं असतं. का, ते समजून घ्यायचं तर 'नेटवर्क इफेक्ट' नावाची एक गोष्ट समजून घ्यावी लागते. एखाद्या वस्तूचा मला होणारा उपयोग ती वस्तू आणखी किती जण वापरतात यावर ठरत असेल, तर त्याला नेटवर्क इफेक्ट म्हणतात. व्याख्या एवढीच.

मिक्सर आणि फोन

शेजाऱ्यांनी कुठल्या कंपनीचा मिक्सर घेतला याने माझ्या चटणीला काही फरक पडत नाही. अख्ख्या गावात मिक्सर असलेलं माझं एकच घर असेल, तरी चटणी वाटली जाईलच. फोनचं तसं नाही. गावात फोन असलेलं एकच घर असेल तर तो फोन म्हणजे खुंटीला टांगलेला डबा. दुसरा फोन आला की पहिल्याची किंमत वाढते, आणि त्यासाठी पहिल्या घरच्यांना काहीही करावं लागत नाही.

ही वाढ किती झपाट्याने होते ते हस्तांदोलनाच्या हिशेबाने कळतं. एका सोसायटीत ६० घरं आहेत आणि प्रत्येक घरातला एक जण ग्रुपवर आहे असं धरा. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा हात मिळवायचा ठरवलं, तर १,७७० जोड्या होतात. आता यातले १२ जण उठून नव्या अ‍ॅपवर गेले. बारा म्हणजे साठातला पाचवा हिस्सा, काही कमी नाही. पण त्या बारा जणांत जोड्या किती? फक्त ६६. म्हणजे २० टक्के माणसं हलली, पण त्यांच्याबरोबर बोलाचालीच्या शक्यता चार टक्केसुद्धा हलल्या नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, वा, पाचवा हिस्सा बाजार काबीज केला. आत बसलेल्या बारा जणांना मात्र घर सुनं सुनं वाटत असतं.

हा हिशेब थोडा फुगवलेला आहे हेही सांगायला हवं. साठ घरांत प्रत्येक जण प्रत्येकाशी बोलत नसतो. तिसऱ्या मजल्यावरच्यांचं आणि पहिल्या मजल्यावरच्यांचं पार्किंगवरून तीन वर्षं बोलणं बंद असतं. खरा उपयोग आपल्या पंधरा-वीस माणसांपुरताच असतो. हा मुद्दा लक्षात असू द्या, कारण जुनं जाळं फुटतं तेव्हा ते नेमकं इथूनच फुटतं.

साठ घरांची गोष्ट

त्याच सोसायटीत समजा सगळ्यांनाच मनातून वाटतंय की नवं अ‍ॅप बरं. तरीही सोसायटी जुन्यावरच राहू शकते. कसं ते पाहू.

चार जण उत्साही आहेत, ते कोणी आलं नाही तरी जातात. आठ जण म्हणतात, 'चार-पाच जण गेले की मी पण येतो.' वीस जण म्हणतात, 'वीस तरी होऊ देत, मग बघू.' उरलेले अठ्ठावीस जण म्हणतात, 'सगळे गेले की सांगा, मुलगा रविवारी येतो, तो घालून देईल.' यात कोणी हट्टी नाही की मागासलेलं नाही. प्रत्येक जण अगदी शहाण्यासारखा विचार करतोय.

आता चार जण गेले. ते पाहून आठ आले. बारा झाले. पुढच्या गटाला वीस हवे होते, म्हणून गाडी बारावर थांबली. आठवड्याभरात सेक्रेटरींची सूचना आली, 'उद्या टाकी धुणार, सकाळी नऊपर्यंत पाणी भरून ठेवा.' ती जुन्याच ग्रुपवर आली, कारण साठ जण तिथे होते. बारांपैकी ज्यांनी जुना ग्रुप म्यूट केला होता त्यांनी दुसऱ्या दिवशी साबण लावलेल्या अंगाने नळ उघडला. त्या दिवशी संध्याकाळी नव्या अ‍ॅपवर कोणीही काही लिहिलं नाही.

हीच गोष्ट जरा बदलून पाहा. समजा सेक्रेटरींनी स्वतः त्या अठ्ठावीसांतल्या आठ जणांना गळ घातली आणि ते आले. बारा अधिक आठ, वीस. लगेच 'वीस तरी होऊ देत' वाले वीस जण आले, चाळीस झाले. आता साठातले चाळीस नव्या जागी, म्हणजे सूचनाही तिकडेच पडणार, आणि उरलेल्यांना मुलाची वाट बघायलाही सवड नाही. महिन्याभरात सोसायटी हलली. माणसं तीच, अ‍ॅप तेच, आवडीनिवडी त्याच, आणि निकाल पूर्ण उलटा. फरक फक्त आठ माणसांचा.

मोठ्या अ‍ॅपच्या स्पर्धेत जो 'जिंकतो' तो सर्वांत चांगला असतोच असं नाही म्हणतात, त्याचा अर्थ हा. एका विशिष्ट आकड्याच्या खाली जाळं आपोआप विरघळतं आणि त्याच्या वर ते आपोआप फुगतं. मधल्या जागी स्थिर उभं राहणं फार अवघड असतं, म्हणून अशा बाजारात तीन-चार कंपन्या सुखाने नांदताना क्वचित दिसतात.

आणि ही झाली एका सोसायटीची गोष्ट. ती सोसायटी अख्खी हलली तरी कोणाच्या फोनमधून व्हॉट्सअ‍ॅप जात नाही. मुलीच्या वर्गाचा ग्रुप तिथे आहे, औषधवाला तिथे आहे, नागपूरच्या आत्या तिथे आहेत. प्रत्येक ग्रुप दुसऱ्या ग्रुपला खुंटीसारखा धरून ठेवतो. माझ्या फोनवर अशी दोन अ‍ॅप आहेत, जी मी कोणाच्या तरी आग्रहाने घातली. ती उघडली की दिसतं की अमुक अमुक मंडळी इथे आली आहेत. आली खरी, पण त्यातलं कोणी बोलत नाही, आणि मीही बोलत नाही.

मग व्हॉट्सअ‍ॅप कसं शिरलं?

ही शंका रास्त आहे. नव्याला जागाच मिळत नसेल, तर २००९ मध्ये सुरू झालेलं व्हॉट्सअ‍ॅपही एके काळी नवंच होतं की.

त्यासाठी एसएमएसचा जमाना आठवा. मेसेजला पैसे पडायचे. मेसेजचे पॅक मिळायचे, पण दिवाळी, नववर्ष अशा दिवशी कंपन्या पॅक गुंडाळून ठेवायच्या आणि प्रत्येक मेसेजचे पुरे पैसे कापायच्या. म्हणून मंडळी लक्ष्मीपूजनाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी रात्रीच पाठवून मोकळी व्हायची. सप्टेंबर २०११ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने जाहिरातीच्या मेसेजना आळा घालायला एका सिमवरून दिवसाला १०० मेसेजची मर्यादा घातली. दोन महिन्यांत ती २०० करावी लागली. कॉलेजच्या पोरांचे शंभर मेसेज दुपारी जेवायच्या आत संपत.

अशा वेळी व्हॉट्सअ‍ॅप आलं. इंटरनेटचे थोडे पैसे भरलेले असले की हवे तेवढे मेसेज. तेव्हाच्या साध्या नोकिया फोनवरसुद्धा चालायचं. वेगळं खातं, वेगळं टोपणनाव काही नको. फोनमधली नंबरांची वही हेच जाळं. आणि सर्वांत महत्त्वाचं, ज्याच्याकडे ते नव्हतं त्याला एसएमएस पाठवता यायचाच. म्हणजे माझ्या ओळखीचा एकच जण व्हॉट्सअ‍ॅपवर असला तरी त्याच्याशी बोलण्यापुरते माझे पैसे वाचायचे. फायदा पहिल्या माणसापासून सुरू व्हायचा, वीस जण जमेपर्यंत थांबायला लागायचं नाही.

आजच्या नव्या अ‍ॅपची अडचण इथेच आहे. जुनं फुकट आहे. फुकटापेक्षा स्वस्त कसं विकणार? 'हाईक' नावाचं आपल्याकडचं अ‍ॅप २०१२ च्या डिसेंबरात आलं, पाठीशी पैसा होता, २०१६ च्या सुरुवातीला कंपनीने दहा कोटी वापरकर्त्यांचा आकडा सांगितला होता. देशी स्टिकर, गुपचूप बोलायची सोय, बरंच काही होतं. जानेवारी २०२१ मध्ये ते बंद पडलं. योगायोग असा की त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपच्या नव्या अटींवरून लोक चिडले होते आणि सिग्नल, टेलिग्रामवर झुंबड उडाली होती. टेलिग्रामने तेव्हा ७२ तासांत अडीच कोटी नवे वापरकर्ते आल्याचं जाहीर केलं होतं. राग खरा होता. पण रागावलेल्यांनी जुनं अ‍ॅप काढलं नाही, शेजारी नवं घातलं, आणि दोन महिन्यांनी बोटं सवयीने जुन्याच हिरव्या चौकोनावर गेली.

लासलगाव आणि डिजिटल बाजार

'एकाच ठिकाणी गर्दी होणं काही नवं नाही, बाजारही असेच मोठे होतात,' असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. लासलगावला कांदा जातो कारण तिथे व्यापारी आहेत, आणि व्यापारी तिथे बसतात कारण तिथे कांदा येतो. एकाचं येणं दुसऱ्याला ओढतं. हाही नेटवर्क इफेक्टच, फक्त इथे दोन बाजू आहेत. बाजू दोन असल्या की नव्याला आधी कोंबडी की आधी अंडं हा प्रश्न पडतो. ओला, उबर, स्विगी यांनी सुरुवातीला दोन्हीकडे पैसे वाटले ते त्यासाठीच.

तरीही नाशिक जिल्ह्याचा सगळा कांदा एकट्या लासलगावला जात नाही. पिंपळगाव बसवंत आहे, येवला आहे. कारण कांद्याला वजन असतं आणि ट्रॅक्टरला डिझेल लागतं. लासलगावला भाव दोन पैशांनी जास्त असला, तरी लांबच्या शेतकऱ्याचे ते दोन पैसे वाटेतच खर्च होतात. वर लासलगावच्या आवारात गाड्यांची रांग लागली की दिवस वाया. अंतर आणि गर्दी, या दोन गोष्टी मोठ्या बाजाराला मर्यादा घालतात आणि छोट्याला जगवतात.

मेसेजला वजन नसतं. एक कोटी माणसं वाढली तरी माझ्या मेसेजला रांगेत थांबावं लागत नाही. म्हणून गर्दी जुळत राहते आणि थांबवणारं काही नसतं. २०२१ मध्ये केंद्र सरकारने भारतातल्या व्हॉट्सअ‍ॅप वापरकर्त्यांचा आकडा ५३ कोटी सांगितला होता.

जिथे अंतर परत येतं तिथे एकाधिकार ढिला पडतो, हेही पाहण्यासारखं आहे. पुण्यातल्या प्रवाशाला हैदराबादमध्ये किती टॅक्सी आहेत याच्याशी काही देणंघेणं नाही. त्याला कर्वे रोडवर चार मिनिटांत गाडी हवी. म्हणून टॅक्सी अ‍ॅपचं जाळं शहरागणिक वेगळं असतं, आणि नवा माणूस एका शहरात सुरुवात करू शकतो. शिवाय ड्रायव्हर लोक डॅशबोर्डवर दोन-दोन, तीन-तीन अ‍ॅप चालू ठेवून बसतात. जिथून आधी भाडं येईल ते घेतात. दोन्हीकडे असणं परवडतं, तेव्हा मालकाला एकट्याची सत्ता गाजवणं कठीण जातं. मेसेजच्या बाबतीत दोन अ‍ॅप फोनवर ठेवायला पैसे लागत नाहीत, पण समोरच्यानेही तीच दोन ठेवावी लागतात, आणि तिथे घोडं अडतं.

फुकट आहे, मग बिघडलं कुठे?

हा आक्षेप मला सर्वांत जास्त वेळा ऐकू येतो. पैसे घेत नाही, नीट चालतं, मग एकच असलं तर काय झालं?

पैशात नसली तरी दुसऱ्या रूपात किंमत वाढवता येते. जानेवारी २०२१ मधल्या त्या अटी आठवा. व्हॉट्सअ‍ॅपची मालक कंपनी म्हणजे तेव्हाची फेसबुक, आताची मेटा. आपली माहिती तिच्या इतर कंपन्यांना देण्याबाबतच्या अटी होत्या आणि त्यात 'नको' म्हणायची सोय नव्हती. मान्य करा, नाहीतर अ‍ॅप सोडा. २०१६ च्या अशाच बदलाच्या वेळी जुन्या वापरकर्त्यांना निदान नकार देण्याची मुभा मिळाली होती. पाच वर्षांत ती गेली, कारण दरम्यान सोडून जाण्याची धमकी पोकळ झाली होती. घरमालकाला भाडेकरू हलू शकत नाही हे कळलं की त्याचा आवाज बदलतो, तसंच.

भारतीय स्पर्धा आयोगाने नेमकं याच मुद्द्यावर बोट ठेवलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयोगाने मेटाला २१३.१४ कोटींचा दंड केला. म्हणणं असं की जिथे पर्यायच नाही तिथे दिलेली संमती ही संमती नव्हे. आयोगाने जाहिरातींसाठी माहिती देण्यावर पाच वर्षांची बंदीही घातली होती. अपिलात नोव्हेंबर २०२५ मध्ये ती बंदी रद्द झाली, दंड मात्र कायम राहिला. दंडाचा आकडा त्या कंपनीला किरकोळ आहे. पण मोठं असणं हा गुन्हा नाही, मोठेपणाच्या जोरावर अटी लादणं हा आहे, ही रेघ त्यात स्पष्ट दिसते.

पण ऑर्कुट गेलंच ना?

गेलं. २००४ मध्ये सुरू झालेलं ऑर्कुट हे सोशल नेटवर्क भारतात आणि ब्राझीलमध्ये इतकं चालत होतं की ते कधी जाईल असं वाटलं नव्हतं. स्क्रॅप, म्हणजे एकमेकांच्या पानावर निरोप, लिहायला मुलं सायबर कॅफेत तासाला दहा-वीस रुपये मोजायची. ३० सप्टेंबर २०१४ ला ते कायमचं मिटलं.

म्हणजे नेटवर्क इफेक्ट हा काही अमरपट्टा नाही. जी साखळी वर नेते तीच खाली आणते. बारा गेले की वीस जातात, वीस गेले की चाळीस. आणि सुरुवात नेहमी छोट्या, घट्ट वर्तुळात होते. फेसबुक २००४ मध्ये एका विद्यापीठापुरतं होतं. मग दुसरं, तिसरं. हार्वर्डच्या वसतिगृहातल्या मुलाला जगात किती लोक कुठे आहेत याची फिकीर नव्हती. त्याचे पंधरा-वीस जण तिथे होते, तेवढं पुरे. जगभरात पातळ पसरलेल्या लाखापेक्षा एका जागी दाटलेले पाचशे जास्त कामाचे.

म्हणून डाउनलोडच्या आकड्यावरून काही कळत नाही. साडेतीन लाख नोंदण्या देशभर विखुरल्या असतील, तर प्रत्येकाला आत गेल्यावर ओळखीचे दोन-तीनच चेहरे दिसतात. कळतं ते यावरून की आलेल्यांपैकी किती जण महिन्यानंतरही रोज उघडतात, आणि एखादं तरी वर्तुळ, एखादं कॉलेज, एखादं गाव, अख्खं तिकडे बोलतं का.

जाळं आणि दुकान वेगळं केलं तर?

आतापर्यंतच्या हिशेबात एक गोष्ट गृहीत होती, की नव्या अ‍ॅपवरून जुन्या अ‍ॅपवर मेसेज जात नाही. हा काही निसर्गनियम नाही. जीमेलवरून याहूला मेल जातो. एअरटेलवरून जिओला फोन लागतो.

लागतो खरा, पण तो आपोआप लागत नाही. अमेरिकेत १८९३-९४ मध्ये बेल कंपनीची टेलिफोनची पेटंटं संपली आणि शेकडो छोट्या टेलिफोन कंपन्या निघाल्या. बेलने त्यांना आपल्या तारा जोडू दिल्या नाहीत. परिणाम असा की कित्येक शहरांत दुकानदाराला गल्ल्याशेजारी दोन फोन ठेवावे लागत, एक बेलचा, एक दुसऱ्यांचा. १९१३ मध्ये सरकारी दबावाखाली लांब पल्ल्याची जोडणी द्यायला बेलची मालक कंपनी कबूल झाली. आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं तेव्हा असाच खटका उडाला. जिओवरून इतर कंपन्यांना लावलेले कॉल मोठ्या प्रमाणात तुटत होते, कारण दोन जाळी जोडणाऱ्या वाटा अपुऱ्या होत्या. ट्रायने एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांना मिळून ३,०५० कोटींच्या दंडाची शिफारस केली. जिओ वाटेल तेवढी फुकट रहदारी सोडतंय, असं त्या कंपन्यांचं म्हणणं होतं. कोण किती खरं हा वेगळा वाद. पण जुना मालक वाटा देताना हात आखडतो आणि नवा माणूस उघड्या दारांची भाषा बोलतो, हे शंभर वर्षांत बदललेलं नाही. २०२५ मध्ये वेंबूही तेच म्हणाले, की मेसेजची अ‍ॅप यूपीआयसारखी एकमेकांशी जोडलेली असावीत.

यूपीआयचं उदाहरण फार बोलकं आहे. तिथे जाळं एनपीसीआय या बँकांच्या सामाईक संस्थेचं, सगळ्यांसाठी खुलं. फोनपे, गुगलपे ही त्यावरची दुकानं. भाजीवाल्याकडे कोणाचाही क्यूआर असो, माझ्या कोणत्याही अ‍ॅपवरून पैसे जातात. म्हणून तिथे अ‍ॅप बदलायला माझ्या आत्यांना विचारावं लागत नाही. आणि म्हणूनच, व्हॉट्सअ‍ॅपने २०२० मध्ये पैसे पाठवायची सोय सुरू केली तेव्हा कोट्यवधी लोकांचं जाळं हाताशी असून ते बाजी मारू शकलं नाही. सुरुवातीला त्यांच्या वापरकर्त्यांच्या संख्येवर एनपीसीआयने मर्यादा घातली होती हे खरं. पण डिसेंबर २०२४ अखेर ती उठल्यावरही फार काही हललं नाही.

आता कोणी लगेच म्हणेल, यूपीआयमध्येही ८० टक्क्यांच्या आसपास व्यवहार फोनपे आणि गुगलपे या दोघांवरूनच होतात, मग काय उपयोग? हा आक्षेप खरा आहे. एका अ‍ॅपने ३० टक्क्यांच्या वर जाऊ नये असा नियम २०२० मध्येच झाला, आणि तो लागू करायची मुदत पुढे ढकलत ढकलत डिसेंबर २०२६ पर्यंत गेली आहे. तिथली मक्तेदारी वेगळ्या कारणांची आहे: आधी आल्याचा फायदा, कॅशबॅकवर ओतलेला पैसा, दुकानात ठेवलेली 'अमुक रुपये प्राप्त झाले' म्हणणारी डबी, आणि साधी सवय. पण त्यातून बाहेर पडायला मला एकट्याला पाच मिनिटं लागतात. व्हॉट्सअ‍ॅपमधून बाहेर पडायला अख्खं खानदान लागतं.

युरोपने हाच प्रयोग मेसेजवर सुरू केला आहे. तिथल्या डिजिटल बाजार कायद्याने मार्च २०२४ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर इतर अ‍ॅपना जोडणी देण्याचं बंधन आलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये पहिली दोन अ‍ॅप जोडली गेल्याची घोषणा झाली, बर्डीचॅट आणि हायकेट. नावं ऐकली नसतील, मीही ऐकली नव्हती. सिग्नल आणि थ्रीमा या मोठ्या नावांनी आधीच नकार दिला होता. त्यांचं म्हणणं असं की मेसेज दुसऱ्याच्या घरात गेला की तो कोणी, कधी, कोणाला पाठवला याच्या नोंदी तिथे उरतात, आणि गुप्तता हाच तर आमचा धंदा. अडचण खोटी नाही. फोनच्या तारा जोडण्यापेक्षा कुलूपबंद मेसेजची दोन जाळी जोडणं किचकट आहे, शिवाय फसवे मेसेज पलीकडून आले तर जबाबदार कोण, हाही प्रश्न आहेच.

आणि एक बारीक गोष्ट. युरोपातल्या व्हॉट्सअ‍ॅपवर ही जोडणी आपोआप चालू नसते. ज्याला बाहेरच्या अ‍ॅपवरचे मेसेज हवेत, त्याने सेटिंगमध्ये जाऊन ती स्वतः चालू करायची. म्हणजे नव्या अ‍ॅपवर गेलेल्या माणसाला पुन्हा एकेकाला फोन करून सांगावं लागणार, 'अहो, तेवढं बटण दाबा ना.' आपल्या साठ घरांतले ते अठ्ठावीस जण यावर काय म्हणतील ते तुम्हाला ठाऊक आहे. मुलगा रविवारी येतो.